माहेराहून परतल्यावर: बाळ लहान असताना नवरा-बायकोचं नातं पुन्हा कोणत्या क्रमाने जुळवायचं

पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना किंवा तीन महिने तिथेच, मग बाळाला घेऊन सासरी परत. आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत असंच होतं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात नवरा हॉटेलात टेबल राखून ठेवतो, किंवा आता ‘सगळं पूर्वीसारखं’ सुरू होईल या अपेक्षेने रात्री जवळ येतो. बायको रडते, चिडते, नाहीतर पाठ फिरवून झोपते, आणि प्रेम आटलं असं दोघांनाही वाटू लागतं.

चूक क्रमात झालेली असते. बाहेर जाणं आणि शरीरसंबंध या शेवटच्या पायऱ्या आहेत आणि बहुतेक जोडपी तिथूनच सुरुवात करतात. आधी झोप, मग कामांची वाटणी, मग बोलणं, मग स्पर्श, त्यानंतर संबंध आणि बाहेर पडणं, असा क्रम धरला तर साधारण दोन-अडीच महिन्यांत गाडी रुळावर येते. मी हा क्रम स्वतः चुकून शिकले. माझं माहेर सांगलीचं आणि सासर पुण्याचं. बाळ तीन महिन्यांचं असताना मी परत आले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, घरात सासू-सासरे, आणि नवरा सकाळी पावणेआठला बाहेर पडून संध्याकाळी साडेसहाला परतणारा. खालची वेळापत्रकं त्याच घरातली आहेत. तुमचं घर वेगळं असेल तर वेळा बदला, क्रम बदलू नका.

## तयारी: परतण्याआधीचे दहा दिवस

तीन गोष्टी माहेरीच उरकून घ्यायच्या.

पहिली गोष्ट, नवऱ्याने दोन रात्री बाळंतिणीच्या खोलीत काढायच्या. जावई शनिवारी दुपारी पोचतो, त्याच्यासाठी गोडाधोडाचं होतं, न्हाऊन-माखून धुरी दिलेलं बाळ त्याच्या मांडीवर ठेवतात, आणि रात्री त्याची झोपमोड नको म्हणून त्याला बाहेरच्या खोलीत गादी घालतात. रविवारी संध्याकाळी तो परत जातो. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या तरी बाळाची रात्र त्याने पाहिलेलीच नसते. रात्री किती वेळा उठावं लागतं, पाजायला किती वेळ लागतो, ढेकर निघाला नाही तर पुढे काय होतं, हे त्याने एकदा जागून पाहिलं की पुढची निम्मी भांडणं होत नाहीत. त्याच्या सासूबाईंना थोडं अवघड वाटेल. मुलीने आईशी आधी बोलून ठेवावं.

दुसरी गोष्ट, सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला दोघांनी मिळून जावं. ही तपासणी पुष्कळ जणी टाळतात किंवा आईबरोबर जाऊन येतात. आईसमोर डॉक्टरांना टाक्यांबद्दल विचारता येतं, पण संबंधांबद्दल आणि गर्भनिरोधनाबद्दल विचारायला जीभ रेटत नाही. विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: टाके भरले का, रक्तस्राव कधीपर्यंत पूर्ण थांबायला हवा, हिमोग्लोबिन किती आहे, पाळी यायच्या आधी दिवस राहू शकतात का, आणि अंगावर पाजत असताना कोणतं साधन चालेल.

तिसरी गोष्ट झोपायच्या व्यवस्थेची. सासरी परतल्यावर पहिले काही दिवस सासूबाई बाळ-बाळंतिणीच्या खोलीत आणि नवरा दिवाणखान्यात, अशी सोय पुष्कळ घरांत आपोआप होते. मायेनेच होते, पण ‘थोडे दिवस’ म्हणता म्हणता सहा महिने जातात. हे बोलणं मुलाने आपल्या आईशी करायचं, सुनेने नाही. आमच्याकडे नवऱ्याने फोनवरच सांगितलं, “आई, रात्री बाळाजवळ आम्ही दोघं असू. तुझी खरी गरज आम्हाला पहाटे सहाला आहे. तेवढा दीड तास तू घेशील का?” आईला नेमकं काम आणि नेमकी वेळ मिळाली. तिला बाजूला काढल्यासारखं वाटलं नाही.

तपासा: या तिन्हींपैकी झोपायच्या व्यवस्थेचं बोलणं राहिलं असेल तर परतायची तारीख दोन दिवस पुढे ढकला, पण ते करून मगच या. एकदा गाद्या पडल्या की त्या हलवणं फार जड जातं.

## पायरी १: प्रत्येकाला सलग चार तास झोप

पहिले दोन आठवडे फक्त हेच करायचं. या काळात हॉटेल, भेटवस्तू, जवळीक यातलं काहीही मनावर घेऊ नका.

रात्रीत एकूण किती तास झोप मिळाली यापेक्षा ती सलग किती मिळाली हे पाहा. तुकड्यातुकड्याने सात तास झोपलेली बाई सकाळी चिडचिडी उठते. सलग साडेचार आणि वर दीड तास झोपलेली निदान नवऱ्याकडे बघून हसू शकते.

तीन-चार महिन्यांच्या बाळाची सगळ्यांत लांब झोप साधारणपणे रात्रीच्या पहिल्या भागात असते. नऊच्या सुमाराला पाजून झोपवलं की पुष्कळ बाळं एक-दीडपर्यंत उठत नाहीत. सगळ्यांत मोठी गळती इथेच होते. बाळ झोपलं की आई उठते, ओटा आवरते, दुपटी घडी करते, फोन हातात घेते आणि साडेअकराला आडवी होते. दीड वाजता बाळ उठतं. तिच्या वाट्याला दोन तास आले.

आमची रात्र शेवटी अशी ठरली. पावणेनऊला पाजणं. सव्वानऊला मी झोपायचं, त्यात सबब चालणार नाही. सव्वानऊ ते दीड बाळ नवऱ्याचं. बाळ कुरकुरलं तर तो थोपटेल, दुपटं बदलेल, खांद्यावर घेऊन फिरेल. भुकेनेच रडतंय अशी खात्री झाली तरच मला उठवेल. दीडनंतर सकाळी सहापर्यंत बाळ माझं आणि नवरा झोपलेला. या वेळेत दोनदा पाजणं व्हायचं. सहाला पाजून बाळ आजीकडे, की साडेसातपर्यंत मी पुन्हा झोपायची.

बाळ पहिल्या टप्प्यात उठतच असेल तर एक वेळचं दूध काढून ठेवा. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात भरून फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवायचं, दारात नाही, आणि चोवीस तासांत वापरायचं. देताना भांडं कोमट पाण्यात धरून दूध कोमट करायचं, उकळायचं नाही. ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देता येतं. बोंडल्याने पाजायला नवऱ्याला दोन दिवसांत जमतं. बाळाला थोडं उभं धरावं, धार गालाच्या आतल्या बाजूला सोडावी, घाई करू नये.

नवरा रात्रपाळीला जात असेल तर हे गणित मोडतं. मग त्याचा टप्पा सकाळी आठ ते दुपारी बारा असा काहीतरी ठेवावा लागतो आणि रात्रीचा एक टप्पा घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागतो. दोघंच राहत असाल तर निदान शनिवार-रविवारच्या रात्री तरी पूर्ण वाटून घ्या.

तपासा: कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहा, तिची सलग झोप आणि त्याची सलग झोप. सातपैकी किमान चार रात्री दोघांचेही आकडे चारच्या वर गेले तरच पुढच्या पायरीवर जा. आम्हाला या टप्प्याला सोळा दिवस लागले.

थांबा: बाळ झोपलेलं आहे, वेळ आहे, तरी तिला झोप लागत नाही. किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटतं, सतत रडू येतं, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात. असं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. हा प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. इजेचे विचार असतील तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. नवऱ्यालाही असं होऊ शकतं. तो रडण्याऐवजी गप्प होतो, उशिरापर्यंत ऑफिसात थांबतो किंवा चिडका होतो.

## पायरी २: कामं अख्खी सोपवा

प्रेमाच्या लेखात कामाची वाटणी कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण दिवसभर ज्याला “तो डबा आण, तसं नको धरू, पावडर कुठे ठेवलीस” असं सांगत राहावं लागतं, त्याच्याकडे रात्री ओढीने बघणं मला तरी जमलं नाही. त्यालाही नव्हतं जमत. तीन महिन्यांत मी बाळाच्या बाबतीत तरबेज झाले होते आणि तो नवशिका होता. घरात मी मुकादम आणि तो मजूर झाला होता.

‘मदत’ हा शब्द या पायरीवर सोडून द्या. एक-दोन कामं मुळापासून शेवटापर्यंत त्याची करा. आमच्याकडे दोन होती. एक, संध्याकाळी सात ते पावणेनऊ बाळ पूर्ण त्याचं: अंग पुसणं, कपडे, तेलाचा हात, फिरवणं, आणि डायपर संपत आले की आणणंही. दुसरं, लसीकरण. राष्ट्रीय वेळापत्रकात ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी असतात, म्हणजे परतल्या परतल्या चौदा आठवड्यांची येतेच. कार्ड त्याच्याकडे, तारीख त्याने लक्षात ठेवायची, दवाखान्यात त्याने घेऊन जायचं, रात्री ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सांगितलेल्या मापाने त्यानेच द्यायचं.

दोघांकडूनही इथे ठरलेल्या चुका होतात. नवरा दर वेळी “आता काय करू?” विचारतो. विचार करण्याचं काम तिच्याच डोक्यात राहिलं तर ती मोकळी होत नाही. तिची चूक म्हणजे सुधारत राहणं. दुपटं तिरकं गुंडाळलं, झबल्याचा बंद उलट्या बाजूला आला, बाळाला काही फरक पडत नाही. आम्ही एक नियम केला: बाळाला धोका असेल तरच बोलायचं. मान आधार न देता उचलणं, गरम पाणी, पलंगाच्या कडेला एकटं ठेवणं, एवढंच त्यात येतं. बाकी वेळी मी खोलीतून बाहेर जायची. पहिले चार दिवस दाराबाहेर उभं राहून ओठ आवळून धरले होते.

आणि सासूबाई? त्या मध्ये येतात, कारण मुलाला लंगोट बदलताना बघून त्यांचा जीव कासावीस होतो. “आई, मला येतंय, तू बस,” हे वाक्य मुलाच्या तोंडूनच यायला हवं. सुनेने सांगितलं तर भांडण होतं.

तपासा: ती दीड तास बाहेर गेली, बाजारात किंवा मैत्रिणीकडे, आणि घरून एकही फोन आला नाही. हे एकदा झालं की ही पायरी झाली.

## पायरी ३: रोजची वीस मिनिटं

आता बोलायला ताकद आली. रात्री बोलू नका. रात्रीच्या बोलण्यात दोघांपैकी एक जण घड्याळाकडे बघत असतो.

आम्हाला जागा मिळाली जिन्यावर. सकाळी सातला बाळ आजीकडे असायचं. आठवड्यातून पाच दिवस मी अर्धा तास आधी उठायचं कबूल केलं आणि आम्ही दोघं चहाचे कप घेऊन गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचो. घरात बसलो असतो तर कोणीतरी हाक मारलीच असती. तुमच्याकडे गच्ची असेल, गॅलरी असेल, खालच्या बागेतला बाक असेल. दार मध्ये आलं पाहिजे, एवढंच.

नियम दोन. फोन घरात. आणि पहिली दहा मिनिटं बाळ, पैसे आणि नातेवाईक हे तीन विषय बंद. हा दुसरा नियम पाळताना पहिल्या दिवशी आम्ही चक्क गप्प बसलो. बोलायला काही उरलंच नव्हतं, आणि ते कळणं वाईट होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातल्या एका माणसाची नक्कल करून दाखवली. तिसऱ्या दिवशी मी त्याला कॉलेजातली एक आठवण सांगितली जी त्याला माहीत नव्हती.

बोलायला सुचत नसेल तर गेल्या तीन महिन्यांबद्दल विचारा. त्या काळात दोघं वेगळी आयुष्यं जगलेली असतात आणि ती एकमेकांना कधीच सांगितलेली नसतात. “मी तिकडे असताना तू रात्री काय करायचास?” असं मी सहज विचारलं. तो म्हणाला, “टीव्ही लावून झोपायचो. तू फोनवर फक्त बाळाचं सांगायचीस. मला वाटायचं, आपण फक्त पैसे पाठवणारा माणूस आहोत.” मी म्हणाले, “आणि मला वाटायचं, तू पाहुण्यासारखा येतोस, फोटो काढतोस आणि जातोस.” दोघांचं खरं होतं. त्या दिवशी चहा गार झाला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मला तो पुन्हा माझा माणूस वाटला.

तक्रारी या वीस मिनिटांत आणू नका. त्यांच्यासाठी रविवारचा अर्धा तास वेगळा ठेवा, हवं तर वहीत टिपून. खर्च, बारसं राहिलं असेल तर त्याचा घोळ, कोण काय बोललं, सगळं तिथे. नाहीतर सकाळचा चहा आठवडाभरात हिशेबाची बैठक होतो आणि दोघंही तो टाळू लागतात.

थांबा: तीन-चार दिवस सलग चुकले की बहुतेक जण ‘नाही जमत’ म्हणून सोडून देतात. आधी झोपेचे आकडे बघा. चुकण्याचं कारण नव्वद टक्के वेळा पहिल्या पायरीत असतं. आकडे खाली गेले असतील तर मागे जा, सकाळची ती झोप परत घ्या आणि मग जिन्यावर या.

## पायरी ४: कुठेही न नेणारा स्पर्श

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिवसातून आठ-दहा वेळा पाजणाऱ्या बाईच्या अंगाला दिवसभर कोणीतरी चिकटलेलं असतं. संध्याकाळपर्यंत तिला कोणाचाही हात नको असतो. नवऱ्याच्या बाबतीत उलट: तीन महिने त्याला कोणी हातही लावलेला नसतो. तो खांद्यावर हात ठेवतो, ती अंग चोरते, कारण तिला वाटतं आता हा पुढे सरकणार. त्याला वाटतं आपण नकोसे झालो. मग तो हात लावणंच बंद करतो, आणि जेव्हा लावतो तेव्हा खरोखर पुढे सरकण्यासाठीच लावतो. तिची शंका खरी ठरते.

हे तोडायचा उपाय म्हणजे उघड करार. दोघांनी तोंडाने ठरवायचं: पुढचे तीन आठवडे आपण एकमेकांना हात लावू, पण संबंध ठेवायचे नाहीत. इच्छा झाली तरी नाहीत. हा करार पाळला गेला की तिचं शरीर सैल पडायला लागतं.

पहिल्या आठवड्यात डोक्याला तेल. माहेरी मालिश करणारी बाई होती, ती सासरी येत नाही, आणि बाळंतिणीची पाठ व मान तर दुखतच असते. वाटीत खोबरेल कोमट करून घ्या. ती जमिनीवर, तो मागे खुर्चीवर. पंधरा मिनिटं डोकं, मान, खांदे. पुढच्या वेळी तिने त्याला लावायचं. दोघांनाही मिळालं पाहिजे, नाहीतर तीही एक सेवाच होते. दुसऱ्या आठवड्यात पाठ आणि पाय. तिसऱ्या आठवड्यात नुसतं मिठीत पडून राहणं, दार लावून.

वेळ पाजून झाल्यावरची धरा. दूध साठलेलं असताना छाती ताठते, दुखते, आणि मिठीत किंवा बाळाच्या आवाजानेही दूध गळतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, शेजारी एक पंचा ठेवा. काही जणींना या काळात छातीला हात नको असतो. तसं असेल तर तिने स्पष्ट सांगावं, “तिथे नको, पाठीवर चालेल.” नुसतं ‘नको’ ऐकल्यावर त्याला सगळंच नको असं वाटतं. कुठे हवं आहे तेही सांगा.

एकत्र कुटुंबात दाराला कडी लावण्याचा संकोच असतो. आमच्या खोलीचं दार बाळंतपणानंतर कायम उघडं असायचं, कोणीही कधीही बाळाला बघायला यायचं. आम्ही रात्री नऊनंतर कडी लावायची सवय केली, कारण असो वा नसो. रोजच लावली की कोणाचं लक्ष जात नाही.

तपासा: तो मागून आला आणि खांद्यावर हात ठेवला तर तिचं अंग आखडतं का? आखडत असेल तर करार आणखी दोन आठवडे वाढवा. हे ती सांगेल, त्याने अंदाज बांधायचा नाही.

## पायरी ५: शरीरसंबंध

‘सव्वा महिना झाला, आता चालतं’ हे वाक्य विसरा. रक्तस्राव थांबलेला, टाके किंवा सिझरची जखम भरलेली, डॉक्टरांनी तपासलेलं आणि तिची स्वतःची इच्छा, या चारही गोष्टी लागतात. पहिल्या तीन साधारण सहा आठवड्यांत होतात. चौथीला तीन महिने लागले किंवा सहा लागले तरी त्यात काही बिघडलेलं नाही. सिझर झालेल्या बाईचा खालचा मार्ग फाटलेला नसतो म्हणून तिला लवकर चालतं, हाही गैरसमज आहे. तिच्या पोटावरची शस्त्रक्रिया मोठी असते.

अंगावर पाजताना शरीरातलं इस्ट्रोजेन कमी राहतं आणि त्यामुळे योनीमार्ग कोरडा पडतो. मनात प्रेम आणि इच्छा असूनही हा कोरडेपणा राहतो. हे माहीत नसलं की नवरा नाराज होतो आणि बायको स्वतःला दोष देते. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित वंगण जेल मिळतं, ते घ्या आणि सढळ हाताने वापरा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन वापरू नका. तेलाने निरोध विरतो आणि फाटतो.

पहिल्या वेळी घाई नको आणि रात्रही नको. रविवारी दुपारी बाळ आजी-आजोबांकडे दोन तास झोपतं, ती वेळ सगळ्यांत बरी. ती वर राहील किंवा दोघं कुशीवर असतील अशी स्थिती घ्या, म्हणजे किती आणि कधी हे तिच्या हातात राहतं. दुखलं तर थांबा, खरोखर थांबा, आणि कपडे घालून उठून न जाता तसेच जवळ पडून राहा. पहिला प्रयत्न अर्धवट राहणं अगदी नेहमीचं आहे. आमचा तिसऱ्यांदा जमला.

चार-पाच प्रयत्नांनंतरही दुखत असेल, किंवा टाक्यांच्या जागी ओढ बसत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोसत राहिलात तर पुढच्या वेळी शरीर आपोआप आवळून घेतं आणि दुखणं वाढतं. टाक्यांच्या व्रणावर आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर फिजिओथेरपीने फरक पडतो.

आता दिवस राहण्याबद्दल. अंगावर पाजते आहे आणि पाळी आलेली नाही म्हणजे काळजी नाही, हा भरवसा घात करतो. हे नैसर्गिक संरक्षण तेव्हाच धरता येतं, जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, दिवस-रात्र फक्त अंगावरच पितं आहे आणि पाळी आलेली नाही. तिन्हींपैकी एक तुटलं की संरक्षण गेलं. स्त्रीबीज पाळीच्या आधी तयार होतं, त्यामुळे पहिली पाळी न येताच पुन्हा दिवस जाऊ शकतात. निरोध ताबडतोब वापरता येतो. तांबी बसवता येते. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्यात हार्मोन नाहीत आणि पाजणाऱ्या आईला चालतात: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, ठरलेल्या वारी. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचं इंजेक्शनही सहा आठवड्यांनंतर पाजणाऱ्या आईला देतात. नेहमीच्या ‘माला’ गोळ्या, म्हणजे इस्ट्रोजेन असलेल्या, पहिले सहा महिने पाजताना घेऊ नयेत. तुमच्यासाठी कोणतं साधन ते डॉक्टरांना विचारून ठरवा, पण या पायरीवर यायच्या आधी ठरवा. पुन्हा दिवस जाण्याची धास्ती डोक्यात असेल तर इच्छा जागीच होत नाही.

थांबा: ती ‘नाही’ म्हणाली तर त्या रात्रीचा विषय संपला. रुसवा, अबोला, “मग माझं काय?” हे सगळं दबावच आहे. एकदा असं झालं की चौथ्या पायरीवर कमावलेला विश्वास जातो आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करावी लागते.

## पायरी ६: बाहेर पडणं

ही पायरी सोपी आहे, फक्त छोटी ठेवा. पहिल्या वेळी पाऊण तास, घरापासून दहा मिनिटांच्या आत. बाळाला पाजलं की लगेच निघायचं, कपडे आधीच बदललेले. अमृततुल्यातला चहा, भेळ, नदीकाठची एक फेरी, एवढं पुरे. तीन तासांचा सिनेमा किंवा दूरच्या हॉटेलातलं जेवण पहिल्यांदा ठेवलंत तर निम्मा वेळ छाती भरून येते आणि उरलेला वेळ फोन बघण्यात जातो. घरच्यांना सांगून जा की रडून रडून थांबलं नाही तरच फोन करा, शिंकलं म्हणून नको. आठवड्याचा वार ठरवा. आमचा गुरुवार होता.

## वेळापत्रक मोडेल तेव्हा

ते मोडणारच, आणि कधी मोडेल हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. सहाव्या महिन्याच्या आसपास दोन गोष्टी एकदम येतात: वरचं अन्न सुरू होतं, आणि नोकरी करणाऱ्या आईची रजा संपते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, पण त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ती जेवढी आधी घेतली असेल तेवढं परतणं लवकर येतं. कामावर जायच्या तीन आठवडे आधी कॅलेंडर पुढ्यात घ्या आणि झोपेचे टप्पे नव्याने आखा. सहा ते साडेसातची जी झोप होती ती आता जाणार, तर रात्री साडेआठलाच झोपायचं का, दूध कधी काढून ठेवायचं, सकाळचा चहा किती वाजता, हे सगळं आधी ठरवा.

मी कामावर गेले त्याच आठवड्यात बाळाला सर्दी-ताप आला. कॅलेंडरवरचे आकडे दोन आणि अडीचवर आले, जिना सुटला, गुरुवार सुटला, आणि स्वयंपाकघरात आम्ही एकमेकांवर ओरडलो. त्या रात्री नवऱ्याने कॅलेंडर खाली काढलं, पुढच्या चौकोनावर ‘पायरी १’ लिहिलं आणि म्हणाला, “तू आत्ता झोप, दीडपर्यंत माझं.” नऊ दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी त्याने दोन कप भरले आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर आधीच जाऊन बसले होते.